रक्ताचा अहवाल कोणाच्या हाती?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत किंवा इंदापूर तालुक्यातील लोणी देवकरच्या वसाहतीत काम मागावयास जाणाऱ्या तरुणाला आज तीन दारे ओलांडावी लागतात. पहिले ठेकेदाराचे. दुसरे पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीचे. आणि तिसरे, ज्याला वसाहतीत सगळेजण नुसते ‘मेडिकल’ म्हणतात त्याचे. पहिल्या दाराविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत. ठेकेदारी पद्धतीवर आपल्या चळवळीने ठराव केले, मोर्चे काढले, खटले लढविले. उरलेल्या दोन दारांकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तेथे ना घोषणा होते, ना संप. तेथे फक्त एक कागद भरला जातो, दंडातून थोडे रक्त काढले जाते, आणि चार दिवसांनी ‘तुमचे काम नाही’ असा निरोप येतो. का नाही, हे विचारण्याची सोय नसते.

या तिसऱ्या दारात काय घडते ते नीट पाहावयास हवे. तपासणी करणारा डॉक्टर किंवा प्रयोगशाळा कारखान्याने अथवा ठेकेदाराने ठरविलेली असते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, डोळे, रक्तदाब यांचा अहवाल तयार होतो आणि तो थेट ठेकेदाराच्या किंवा एचआर खात्याच्या टेबलावर जातो. पुष्कळ वेळा त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो आधीच फिरलेला असतो. ज्याच्या शरीरातून तो अहवाल निघाला त्याच्या हाती ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढा एक शब्द येतो, आणि तोही तोंडी. थोडक्यात, मालकाला सर्व कळते आणि कामगाराला काहीच कळत नाही. माझे या लेखातील म्हणणे एवढेच आहे, की ही वाट नेमकी उलटी असावयास हवी. मालकाला एका प्रश्नाचे एका ओळीत उत्तर मिळावे आणि अख्खा अहवाल कामगाराच्या हाती पडावा.

तो एक प्रश्न कोणता? हा मनुष्य निरोगी आहे काय, हा तो प्रश्न नव्हे. हा मनुष्य हे विशिष्ट काम, स्वतःला व शेजाऱ्याला धोका न होता, करू शकेल काय, हा तो प्रश्न. या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि मालकवर्गाचे सारे राजकारण पहिला प्रश्न दुसऱ्याच्या वेषात विचारण्याचे आहे.

उदाहरण घेऊ. समजा, पळसदेवकडचा एक तरुण आहे. त्याच्या आजोबांची जमीन उजनीच्या पाण्याखाली गेली, म्हणून घरात शेती नावापुरती उरली. तो वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात मदतनिसाच्या कामासाठी जातो. काम असे, की आठ तास उभे राहावयाचे, वीसेक किलोंचे खोके उचलून पट्ट्यावर ठेवावयाचे, आणि शेजारी दाबयंत्राचा सततचा आवाज. या कामासाठी डॉक्टरने काय पाहावे? पाठीचा कणा, हर्निया, सांधे, दृष्टी आणि श्रवणशक्ती. रंगीत तारा जोडण्याचे काम असेल तर रंगांधळेपणा. धुळीच्या किंवा रंगाच्या फवाऱ्याच्या विभागात नेमणूक असेल तर फुंकर मारून घेण्याची फुप्फुसांची चाचणी. मालवाहू फोर्कलिफ्ट किंवा क्रेन चालवावयाची असेल तर फिट येण्याचा आजार आणि एकाएकी भोवळ आणणारी साखरेची घसरण यांची चौकशी. येथवर आमची काहीही हरकत नाही. किंबहुना ही तपासणी नीट व्हावी अशीच कामगारांची मागणी असली पाहिजे. ज्याला हर्निया आहे त्याला ओझ्याच्या कामावर घालणे हा न्याय नसून क्रौर्य आहे.

परंतु याच तरुणाच्या रक्तात एचआयव्ही किंवा कावीळ-बीचे विषाणू आहेत काय, हे खोके उचलण्याच्या कामाशी कसे जोडता येईल? हे दोन्ही विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाकडे जातात. पट्ट्यावर शेजारी उभे राहून, एका माठातले पाणी पिऊन किंवा एका ताटात जेवून ते जात नाहीत. अन्नप्रक्रियेच्या उद्योगातही हाच नियम आहे. बारामती परिसरात दूध प्रक्रियेचे उद्योग आहेत, आणि अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने सक्तीचे आहे. ते योग्यच आहे. पण तेथे पाहावयाचे ते त्वचेचे रोग, वाहत्या जखमा आणि विषमज्वरासारखे पोटातून व अन्नातून पसरणारे आजार. विशेष म्हणजे त्या प्रमाणपत्राचा अन्नसुरक्षा नियमांतील नमुना अगदी छोटा आहे. या व्यक्तीची तपासणी केली, ती संसर्गजन्य रोगापासून मुक्त असून येथे काम करण्यास योग्य आहे, एवढेच त्यात डॉक्टर लिहून देतो. साखर किती, रक्तगट कोणता, याचा त्यात पत्ता नाही. म्हणजे निष्कर्ष द्यावा आणि तपशील देऊ नये ही कल्पना परदेशातून आणावयाची नाही. ती आपल्याच नियमांत एका कोपऱ्यात पडून आहे.

या बाबतीत महाराष्ट्राने देशाला वाट दाखविली, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असावे म्हणून तो खटला येथे थोडा सविस्तर सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली त्याचा निकाल दिला. एका सार्वजनिक महामंडळात हंगामी मजूर म्हणून काम करणारा एक मनुष्य होता. कायम करण्याच्या ओघात त्याची वैद्यकीय तपासणी झाली आणि तीत त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला. एरवी तो कामाला तंदुरुस्त होता. तरीही महामंडळाने त्याला कामापासून दूर केले. त्याने दाद मागितली, आणि न्यायालयाने त्याचे व महामंडळाचेही नाव झाकून ठेवले. म्हणून कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या अक्षरांनीच ओळखला जातो. नाव झाकणे हा त्या निकालातील लहानसा तपशील नव्हे. आपले नाव गावभर होईल या भीतीने जो मनुष्य न्याय मागावयास येतच नाही, त्याच्यासाठी न्यायालयाचे दार त्या अक्षरांनी उघडले.

महामंडळाचा युक्तिवाद सरळ होता. आज हा धडधाकट असला तरी उद्या आजारी पडेल, मग त्याचा व त्याच्या कुटुंबाचा भार आम्ही का वाहावा? न्यायालयाने तो नाकारला. जो कामाच्या अटी पूर्ण करू शकतो आणि ज्याच्यापासून कामाच्या ठिकाणी इतरांना लक्षणीय धोका नाही, त्याला केवळ विषाणूच्या कारणाने काम नाकारणे हे मनमानी आहे, आणि म्हणून ते राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व २१ चा भंग करणारे आहे, असे न्यायालयाने म्हटले. निवृत्तीपर्यंत ठणठणीत राहील अशी खात्री असणाऱ्यालाच काम देऊ, अशी निष्ठुर भूमिका सरकारी संस्थेला घेता येणार नाही, असाही त्याचा आशय होता. योग्यता ठरवावयाची ती त्या माणसाची, त्या दिवशी, त्या कामासाठी. त्याचे नाव पुन्हा यादीत घ्यावे आणि बुडालेल्या कमाईपोटी त्याला ४०,००० रुपये द्यावेत असा आदेश झाला.

मात्र या निकालाची मर्यादाही ओळखली पाहिजे, नाहीतर कार्यकर्ता तो हातात घेऊन वसाहतीत जाईल आणि दारावरच अडेल. अनुच्छेद १४ सरकारला व सरकारी महामंडळाला बांधतो. खाजगी कारखानदाराला तो तसा थेट बांधत नाही. ही फट निदान एका आजारापुरती बुजविण्यास आणखी वीस वर्षे लागली. संसदेने २०१७ साली एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम केला, आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. हा कायदा सरकारी व खाजगी असा भेद करीत नाही. नोकरी देण्याची अट म्हणून एचआयव्हीची चाचणी मागणे यालाच तो भेदभाव म्हणतो. चाचणी करून मग नाकारणे तर सोडाच, चाचणी मागणेच गैर. शिवाय कोणाच्याही एचआयव्हीविषयीची माहिती त्याच्या जाणत्या संमतीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. ज्या आस्थापनेत १०० किंवा अधिक माणसे आहेत, तिने तक्रार अधिकारी नेमला पाहिजे, आणि राज्य सरकारने या कायद्याखाली लोकपाल नेमावयाचा आहे.

आता आपल्या वसाहतीत जाऊन विचारा, तक्रार अधिकारी कोण? हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही, मोर्चाही लागत नाही. आणि प्रयोगशाळेच्या दरपत्रकात नोकरीपूर्व तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये काय काय घातले आहे ते वाचा. त्यात एचआयव्ही असेल तर तो कायदेभंग छापील स्वरूपात तुमच्या हाती आला.

पण एका आजाराला कायद्याचे छत्र मिळाले, म्हणून बाकीचे आजार उघड्यावरच राहिले. क्षयाचे पाहा. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि औषधे नियमित सुरू झाली की रोगी काही आठवड्यांतच इतरांना संसर्ग देईनासा होतो. म्हणजे डॉक्टरचा योग्य निष्कर्ष असा असावयास हवा, की अमुक तारखेपर्यंत थांबावे, नंतर कामास योग्य. प्रत्यक्षात एक्स-रेवर जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा डाग दिसला तरी तरुण परत पाठविला जातो. मधुमेहाचेही तेच. मदतनिसाच्या कामाला नियंत्रणात असलेल्या मधुमेहाने काय बाधा येते? येथे खाजगी मालकाला रोखणारा तसा नेमका कायदा नाही. ही उणीव आहे, आणि ती आपण उणीव म्हणूनच सांगितली पाहिजे.

स्त्रियांच्या बाबतीत ही चौकशी निर्लज्जपणाच्या पातळीवर जाते. आयुर्विमा महामंडळाच्या नेमणूक-अर्जात एके काळी उमेदवार स्त्रीला शेवटच्या मासिक पाळीची तारीख, गर्भधारणा आणि गर्भपात यांविषयी रकाने भरावे लागत. एका परिविक्षाधीन महिलेने त्यात चुकीची माहिती दिली असे म्हणून, ती बाळंतपणाच्या रजेवर जाऊन आल्यावर, तिला काढून टाकण्यात आले. नीरा माथूर खटला या नावाने तो प्रसिद्ध आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला परत घ्यावयास लावले आणि हे रकाने अर्जातून काढून टाकण्यास महामंडळाला सांगितले. ज्या प्रश्नाचे उत्तर देणे स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाध आणते, तो प्रश्नच विचारावयाचा नव्हता, त्यामुळे उत्तर खोटे होते या सबबीला अर्थ राहिला नाही.

आणि आपल्याकडे? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या उसाच्या फडांत दर हंगामाला मराठवाड्यातून कोयते येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर, आणि एकीचा खाडा झाला तरी दंड दोघांच्या हिशेबात. तेथे अर्ज नाही, डॉक्टर नाही, रकाना नाही. मुकादमाच्या मनात मात्र तोच प्रश्न असतो: या बाईची पाळी, हिचे दिवस, हिचे बाळंतपण, यांत किती दिवस बुडतील? बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा २०१९ साली झाला, तेव्हा सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया मुकादमाच्या दडपणानेच झाली असे मी म्हणणार नाही. लोभी खाजगी दवाखाने, न झालेले उपचार आणि अज्ञान हीही कारणे त्यात आहेत. पण ज्या धंद्यात पाळी म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, तेथे स्त्रीच्या शरीराविषयीचा प्रश्न तोंडाने विचारावाही लागत नाही. विमा कार्यालयातील रकाना न्यायालयाने खोडला. फडातला रकाना खोडावयास कोणते न्यायालय जाणार?

आता मुद्दा डॉक्टरचा. कारखान्याने पैसे दिलेला डॉक्टर कोणाचा? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रमाणक शल्यचिकित्सक म्हणून अशा कोणालाही नेमण्यास मनाई केली होती, ज्याचा त्या कारखान्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे. म्हणजे त्या काळच्या कायदेकारांना धोका कळला होता. पण ते बंधन कायद्याने ठरविलेल्या थोड्या तपासण्यांपुरते होते. ठेकेदाराने ठरविलेल्या दवाखान्यातील ‘मेडिकल’ला ते कधीच लागले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो अधिनियम जाऊन त्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहिता आली. तिने नेमणूकपत्र सर्वांना सक्तीचे केले आणि ठरावीक कामगारांना वार्षिक आरोग्य तपासणी मालकाच्या खर्चाने देऊ केली. त्या तपासणीचे कागद कोणाकडे जावेत आणि कोणाकडे जाऊ नयेत, या प्रश्नाला हात घालणे हे खरे काम होते.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९७ साली कामगारांच्या वैयक्तिक माहितीविषयी एक आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिच्यातील नियम सुबोध आहे. वैद्यकीय तपासणीनंतर मालकाला नेमणुकीपुरता निष्कर्षच कळवावा, आणि त्या निष्कर्षात वैद्यकीय स्वरूपाची कोणतीही माहिती असू नये. योग्य आहे, किंवा अमुक प्रकारच्या कामास योग्य नाही, एवढेच. ही संहिता कोणत्याही देशावर बंधनकारक नाही. पण डॉक्टरवर बंधनकारक असलेला नियम आपल्याकडेही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाची गुपिते डॉक्टरला उघड करता येत नाहीत. न्यायालयाचा आदेश, ओळखलेल्या व्यक्तीला गंभीर धोका आणि सूचनीय रोग एवढेच अपवाद. आणि त्याच विनियमांत अशी तरतूद आहे, की रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांच्या आत दिली पाहिजेत. मालक म्हणेल, हा उमेदवार आहे, रुग्ण नव्हे. मी विचारतो, ज्याच्या दंडात डॉक्टरने सुई टोचली तो डॉक्टरचा कोण?

अहवाल कामगाराच्या हाती असणे ही केवळ प्रतिष्ठेची गोष्ट नाही. तिच्यात पैसा आहे. दाबयंत्राशेजारी काम करणाऱ्या त्या तरुणाचे पुन्हा घेऊ. नेमणुकीच्या वेळी त्याचे कान तपासले गेले आणि ते चांगले होते. नव्वद डेसिबलच्या वरच्या आवाजात वर्षानुवर्षे उभे राहिल्यावर कानाची हानी होते, आणि ती प्रथम विशिष्ट जागी दिसते: श्रवणाच्या आलेखावर ४००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो. बोलण्याच्या नेहमीच्या स्वरांना तो प्रारंभी शिवत नाही, म्हणून माणसाला स्वतःला काही कळत नाही. नंतर खड्डा रुंदावत जातो, आणि दहा-पंधरा वर्षांनी तो मनुष्य शेजाऱ्याला ‘काय म्हणालास?’ असे दोनदा विचारू लागतो. आवाजाने येणारा बहिरेपणा हा व्यावसायिक रोग म्हणून नुकसानभरपाईस पात्र आहे. पण दावा केला की पहिला प्रश्न येतो: कामावर येण्यापूर्वी कान चांगले होते याचा पुरावा काय? तो पुरावा कारखान्याच्या कपाटात, आणि ठेकेदार बदलला असल्यास कोणाच्याच कपाटात नाही. कामगाराकडे त्या आलेखाची एक प्रत असती तर! नेमणुकीची तपासणी आज कामगाराला गाळण्याची चाळणी म्हणून वापरली जाते. तीच त्याच्या हाती असती तर उद्याच्या दाव्याचा पाया झाली असती. ओतशाळेतील धूळ आणि फुप्फुसाची चाचणी यांचाही हिशेब याच रीतीने मांडता येईल.

मालकाच्या बाजूने जो आर्थिक युक्तिवाद केला जातो तो मी टाळणार नाही. तीसहून अधिक वर्षे अर्थशास्त्र शिकविल्यावर टाळणे शोभणारही नाही. ते म्हणतात, आजारी कामगार म्हणजे गैरहजेरी, गैरहजेरी म्हणजे खर्च, आणि खर्च टाळण्याचा अधिकार उद्योजकाला आहे. पण हा खर्च खरोखर कोण सोसतो ते पाहू. ईएसआय लागू असलेल्या कारखान्यात आजारपणाचे वेतन आणि औषधपाणी विमा निधीतून होते. त्या निधीत २०१९ मध्ये ठरलेल्या दरानुसार मालक वेतनाच्या ३.२५ टक्के भरतो आणि कामगार ०.७५ टक्के. हा हप्ता निरोगी कामगार असो की मधुमेही, सारखाच. ठेकेदारी कामगाराला तर गैरहजेरीचे वेतनच नसते. मग नियोक्त्याची बचत ती कोणती? एका जागेसाठी दहाजण रांगेत उभे असताना नऊजणांना परत पाठविण्यास काहीतरी निमित्त लागते, आणि रक्ताचा अहवाल हे सर्वांत शास्त्रीय दिसणारे निमित्त असते. जेथे मजुरांची चणचण आहे तेथे हीच चाळणी एकाएकी मोठ्या भोकांची होते, हे तुम्ही ऊसतोडीच्या ऐन हंगामात कोठेही पाहू शकता. ज्याला नाकारले तो नाहीसा होत नाही. तो इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या रांगेत येतो, आणि त्याचा भार तुम्ही-आम्ही उचलतो. नफा खाजगी आणि रोग सार्वजनिक, असा हा हिशेब आहे.

दुसऱ्या दाराविषयी, म्हणजे पूर्वेतिहासाच्या चौकशीविषयी, थोडक्यात पण निकराने लिहितो, कारण ते आपल्या कार्यकर्त्यांच्या घराजवळचे आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये उसाच्या पहिल्या उचलीसाठी इंदापुरात राजू शेट्टींच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले, त्यांना अटक झाली, रस्ते अडले. अशा प्रत्येक आंदोलनानंतर शेतकऱ्यांच्या पोरांवर बेकायदा जमाव आणि रस्ता अडविणे अशी कलमे लागतात. आंदोलन संपते, पुढारी निवडणूक लढवितात, आणि पोरांच्या नावावरची नोंद वर्षानुवर्षे तशीच राहते. सरकार राजकीय आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय वेळोवेळी जाहीर करते. परंतु निर्णय जाहीर झाला म्हणजे खटला संपला असे नव्हे. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करून न्यायालयाची संमती मिळावी लागते, आणि ती मिळेपर्यंत पडताळणीच्या कागदावर ‘प्रलंबित’ हा शब्द उमटतच राहतो.

अर्जात ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?’ असा रकाना आला की तरुण गोंधळतो. खरे लिहावे तर काम जाते. खोटे लिहावे तर पुढे कधीतरी फसवणूक म्हणून काढले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात या प्रश्नावर मार्गदर्शक नियम घालून दिले. ते सरकारी नेमणुकांपुरते आहेत, पण वाचण्यासारखे आहेत. अर्जातील प्रश्न नेमका असला पाहिजे, मोघम नको. जे नेमके विचारले तेवढेच उघड करण्याचे बंधन उमेदवारावर. आणि क्षुल्लक प्रकरण असेल तर माहिती लपविल्याकडेही नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो. क्षुल्लक प्रकरणाचे उदाहरण म्हणून न्यायालयाने काय दिले असेल? तरुणपणी घोषणा देणे! मात्र हे ठरविणे नियोक्त्याच्या विवेकावर सोडले आहे, आणि वसाहतीतील नियोक्त्यांचा विवेक आपल्या परिचयाचा आहे. म्हणून माझा सल्ला असा, की विचारले तर खोटे लिहू नये. ‘आंदोलनातील गुन्हा, कलम अमुक, स्थिती अमुक’ असे लिहून त्याची प्रत जवळ ठेवावी. आणि पूर्वीच्या मालकाकडे फोन करून ‘हा युनियनचा माणूस होता काय?’ असे विचारले जात असेल, तर तो प्रश्न श्रमसंघटनेच्या त्याच १९९७ च्या संहितेत स्पष्टपणे निषिद्ध गणला आहे हे लक्षात ठेवावे.

या सगळ्यावर उतारा म्हणून २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम दाखविला जातो. मी तो कायदा वाचला आणि माझी निराशा झाली. आरोग्याची माहिती ही इतर माहितीपेक्षा संवेदनशील असते, हा भेद २०११ च्या नियमांत होता. नव्या कायद्याने तो काढून टाकला. शिवाय ‘नोकरीच्या प्रयोजनांसाठी’ माहिती संमतीवाचून वापरता येईल असे एक मोठे दार मालकाला उघडून दिले आहे. एक चांगली गोष्ट मात्र त्यात आहे, ती सोडू नये: जेथे संमती घ्यावयाची तेथे ती मोकळी व विनाअट हवी, आणि ठरविलेल्या प्रयोजनाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती हवी. काम मागावयास आलेला मनुष्य अजून नोकर झालेला नाही, म्हणून त्याच्या बाबतीत नोकरीच्या प्रयोजनाची सबब पुरेशी नाही, असा युक्तिवाद येथे करता येईल. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली. कायदा फक्त डिजिटल वा नंतर डिजिटल झालेल्या माहितीला लागतो. ठेकेदाराची कागदी वही त्याच्या बाहेर आहे. पण त्या वहीतल्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर गेला की तो आत आला.

बारामती-इंदापूरच्या आपल्या शाखांनी पुढच्या भरतीपूर्वी एक छापील अर्ज तयार करावा. मजकूर दहा ओळींचा पुरे: माझ्या तपासणीचे सर्व कागद मला ७२ तासांत द्यावेत, नियोक्त्याला फक्त ‘या कामास योग्य’, ‘अयोग्य’ किंवा ‘अमुक बंधनासह योग्य’ एवढेच कळवावे, एचआयव्हीची चाचणी करू नये, आणि तपासणीचा खर्च माझ्याकडून घेऊ नये. हा अर्ज दवाखान्यात सुई टोचण्यापूर्वी द्यावा, नंतर नव्हे, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. एकट्याने दिला तर त्याचे नाव यादीतून जाईल हे मलाही कळते. म्हणून त्या दिवशीच्या रांगेतील सर्वांनी तो एकदम द्यावा, आणि रांगेच्या तोंडाशी आपला एक कार्यकर्ता पोचेची प्रत तपासण्यास उभा असावा.